झोळी, आजी आणि कानातले खडे

गेल्या एप्रिलमध्ये नागपूरच्या प्रतापनगरहून भाचीचा फोन आला, भर दुपारी. मागे कूलरची घरघर आणि बाळाचं रडणं. "मावशी, तूच सांग आता. आई म्हणतात झोळीत टाक, मी म्हणते सवय लागेल. तिसऱ्यांदा उठलाय." मागून तिच्या सासूबाईंचा आवाज: "काहून रडवता लेकराला? तीन लेकरं ह्याच झोळीत वाढली माझी, काही झालं काय?"

बाळ तीन महिन्यांचं. भाचीने मोबाइलवर वाचलं होतं की बाळाला हलवून झोपवू नये, त्याला आपलं आपण झोपायला शिकवावं. सासूबाईंचा अनुभव चाळीस वर्षांचा. मी दोन दिवसांनी तिकडे गेले आणि त्यांची दुपार डोळ्यांनी पाहिली. बाळ झोळीत चार मिनिटांत गप्प व्हायचं. डोळे मिटले रे मिटले की भाची त्याला उचलून गादीवर ठेवायची, आणि ते किंचाळून उठायचं. आजी म्हणायच्या, बघ, त्याला गादी चालत नाही. आई म्हणायची, बघा, झोळीने बिघडवलं. प्रसंग एकच आणि निष्कर्ष दोन, त्यातून तिसरी गोष्ट घडायची ती अबोला.

मुळात हलवल्याने बाळ शांत का होतं, हे मला फार सुंदर वाटतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात दोन छोट्या पिशव्या असतात, युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांच्यात जेलीसारखा थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूतल्याच पदार्थाचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक खडे बसलेले असतात. 'आपली बस' सीताबर्डीच्या थांब्यावरून झटक्यात सुटली की उभा माणूस मागे जातो ना, तसं डोकं हललं की हे जड खडे क्षणभर मागे राहतात. जेली सरकते, तिच्यात रुतलेले पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. झोका एका लयीत असेल तर ती खबरही लयीत जाते आणि मेंदू झोपेकडे झुकतो.

हे खड्यांचंच काम आहे कशावरून? 2019 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उंदरांना झोके देऊन पाहिलं. साधे उंदीर लवकर झोपले. ज्यांच्या कानातली ही खड्यांची यंत्रणा जन्मतःच निकामी होती, त्यांच्यावर झोक्याचा काहीच परिणाम झाला नाही. उंदरांना सेकंदाला एक झोका लागला. त्याआधी 2011 मध्ये जिनिव्हात मोठ्या माणसांना हलत्या पलंगावर झोपवलं होतं, तिथे चार सेकंदांना एक झोका होता आणि तीही माणसं लवकर झोपली. म्हणजे झोक्याने झोप येणं ही बाळाला लावलेली वाईट सवय नाही, ती शरीराची जुनी रचना आहे. इथे आजी बरोबर.

मग बाळ गादीवर का उठतं? याचं उत्तर जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने 2022 मध्ये 21 बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून दिलं. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन चाललं, किंवा हलत्या पाळण्यात ठेवलं, की ठोके मंदावायचे. नुसतं मांडीवर घेऊन बसलं तर तसं होत नव्हतं. पाच मिनिटं चाललं की बाळं गप्प झाली आणि जवळजवळ निम्मी झोपली. पण खाली ठेवताना बरीच पुन्हा जागी व्हायची. ठोके वाढायचे ते पाठ गादीला टेकताना नाही, तर आईच्या अंगापासून बाळ सुटू लागतं त्या क्षणी. आणि जी बाळं हातातच जरा जास्त वेळ, साधारण आठ मिनिटं, झोपलेली होती, ती खाली ठेवल्यावर झोपूनच राहिली. भाचीची घाई नडत होती, गादी नव्हे.

तरी झोळीबद्दल भाचीला वाटणारी भीती उगाच नव्हती. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कमकुवत, श्वासनळी मऊ आणि अरुंद. झोळीत कापड खोल जातं, बाळाचं अंग वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. मऊ पाइप वाकवला की धार बारीक होते, तसं श्वासाचं होतं. बाळ रडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं मावली नाहीत, नाकपुड्या फेंदारत असल्या, श्वास घुरघुरत असला किंवा कापड तोंडाशी आलं असलं, तर ताबडतोब उचलायचं. ओठ निळसर दिसले तर थेट दवाखाना. झोप मात्र सपाट, कडक गादीवर, उताणीच. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली राईची उशीसुद्धा वर्षभर नको.

मग आजींची तीन लेकरं कशी वाढली? मी त्यांनाच विचारलं, "तेव्हा झोळीपाशी कोण असायचं हो?" त्या म्हणाल्या, "कोण म्हणजे? दोरी हातात धरून मी तांदूळ निवडायची. सासू होती, नणंद होती. एकटं कोण सोडते बाप्पा लेकराला?" झोळी निर्धोक होती म्हणून नव्हे, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कायम कुणीतरी जागं होतं म्हणून निभावलं. आता मोटरवर आपोआप हलणारे पाळणे 'रात्रभर शांत झोप' म्हणून विकतात. त्यांनी नेमकं ते टोकच काढून टाकलंय, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. रिकामा पाळणा हलवला तर बाळाचं पोट दुखतं, असंही त्या घरात मानतात. त्याने काही होत नाही. जपायचं ते भरलेल्या पाळण्याला.

मालिशवरून वाद छोटा होता. हलक्या हाताने खोबरेल तेल लावायला हरकत नाही. नाका-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. मोहरीचं तेल नको, त्याने कातडीचा वरचा थर बिघडतो. नागपूरच्या 45 अंशांत शेगडीचा शेक आणि धुरी बंद. मालिश आजींनीच करायची, संध्याकाळी, दिवा मंद करून.

हे सगळं सुनेने सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून 'झोळीत एकटं नाही, उशी नाही' ही दोन वाक्यं मुलाने आईला सांगितली, डॉक्टरांकडे तिला सोबत नेऊन, त्यांच्यासमोर. बाकी झोपवण्याचं काम आजींकडेच राहिलं. पाच मिनिटं खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या, मग भिंतीवरच्या घड्याळात बघून आठ मिनिटं स्वस्थ बसणं, मग आपण वाकून, छाती बाळाला टेकलेली ठेवून सावकाश गादीवर, आणि हात सगळ्यात शेवटी काढायचा.

पहिल्या दिवशी बाळ उठलंच. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दुपारी आजींनी हात काढला, ते कुरकुरलं, त्यांनी पुन्हा छातीवर तळवा ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. भाची दारातून काही विचारणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं आणि कुजबुजल्या, "सहाच मिनिटं झाली होती. मीच घाई केली."