डोया, डोळा आणि वयाचा उतार

आमच्या घरात डोळ्याचे दोन उच्चार चालतात. माझी आत्या सहाव्या वर्षी अमळनेर तालुक्यातल्या गावातून पुण्याला मामाकडे शिकायला गेली. काका गेले ते थेट सोळाव्या वर्षी, कॉलेजला. आत्याचा ळ ऐकून कुणी तिला खान्देशी म्हणणार नाही. काकांनी चाळीस वर्षं पुण्यात काढली, सभा गाजवल्या, पण दिवसभराचा शीण चढला की त्यांच्या तोंडून 'पानी' आणि 'सकाय' निसटतंच. घरात याचं एकच उत्तर ठरलेलं: "पोरवय सरलं की जीभ वळत नाही." भाषाविज्ञानात हेच वाक्य गेली साठ वर्षं वादात आहे.

आधी अहिराणीबद्दल, म्हणजे आमच्या खान्देशातल्या बोलण्याबद्दल, थोडं. प्रमाण मराठीत जिथे ळ येतो तिथे अहिराणीत बहुधा य येतो: डोया, काया, केयी. ण आणि न यांत फरक करत नाहीत, म्हणून पानी, लोनी. हा जिभेचा आळस नव्हे, ती त्या भाषेची घडी आहे. ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सननं आपल्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशी घातली ती भिल्ली भाषांच्या खंडात, मराठीच्या नव्हे. त्यामुळे अमळनेरच्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा म्हणायची की दुसरी बोली, इथूनच मतभेद सुरू होतात. उच्चाराच्या प्रश्नाला मात्र त्यानं फारसा फरक पडत नाही.

मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या वाइल्डर पेनफिल्डनं १९५९ साली लामार रॉबर्ट्ससोबतच्या पुस्तकात मांडलं, की लहान मुलाचा मेंदू भाषेसाठी लवचीक असतो आणि ती लवचीकता दहाच्या आतबाहेर ओसरू लागते. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्गनं या कल्पनेला बांधीव रूप दिलं. मेंदूला इजा होऊन वाचा गेलेली लहान मुलं पुष्कळदा पुन्हा बोलू लागतात, मोठ्यांना ते जड जातं. यावरून त्यानं दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा एक निर्णायक कालखंड मानला. त्याचा मुख्य विषय पहिली भाषा हा होता. दुसऱ्या भाषेबद्दल त्यानं ओघात एवढंच म्हटलं, की चाळिशीतही माणूस नवी भाषा बोलायला शिकतो, पण वयात आल्यावर परका हेल सहजी जात नाही. या ओघातल्या शेऱ्यावर पुढे केवढी विद्वत्ता खर्ची पडली!

पहिली भक्कम मोजणी सुझन ओयामाची, १९७६ सालची. अमेरिकेत आलेले ६० इटालियन पुरुष तिनं घेतले. कुणी सहाव्या वर्षी आलेला, कुणी विसाव्या. राहण्याचा काळ पाच ते अठरा वर्षं. बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि हेल किती जाणवतो ते परीक्षकांकडून ठरवून घेतलं. येतानाचं वय जितकं जास्त तितका हेल ठळक निघाला. देशात किती वर्षं काढली याचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. काकांची चाळीस वर्षं आठवली की हे पटतं.

पण यात एक गोम आहे, आणि ती साध्या बेरजेची आहे. येतानाचं वय अधिक राहण्याची वर्षं म्हणजे आजचं वय. तिन्हीपैकी दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं, त्यामुळे एक बदललं की दुसरं कुठलं तरी सोबत हलतंच. शिवाय लहान वयात आलेला शाळेत जातो, मोठा कामाला लागतो. आत्याच्या वर्गात सगळी पुण्याची मुलं होती. काकांच्या खोलीत चौघे होते, दोन चोपड्याचे, एक पारोळ्याचा. रात्री अहिराणीच चालायची. मग फरक दहा वर्षांचा, की त्या खोलीचा?

जेम्स फ्लेगी याच प्रश्नाच्या मागे लागला. १९९५ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसोबत कॅनडातल्या २४० इटालियनांचा हेल तपासला, दोनपासून तेवीस वर्षांपर्यंतच्या वयात तिथे आलेल्यांचा. दार धाडकन बंद होत असेल, तर वयात येण्याच्या सुमारास आलेखात कडा दिसायला हवा होता. दिसला तो सरळ उतार. शाळकरी वयात आलेल्यांचाही हेल ऐकणाऱ्यांना कळत होता. दोन वर्षांनी त्याच्या गटानं दोन तुकड्या निवडल्या. दोन्हींतले लोक सरासरी सहाव्या वर्षाच्या आसपास आलेले. फरक एवढाच, की एका तुकडीच्या सांगण्यानुसार रोजच्या बोलण्यात इटालियन जेमतेम ३ टक्के, दुसरीच्या ३६ टक्के. हेल दोघांनाही होता, पण दुसऱ्या तुकडीचा जास्त. म्हणजे येतानाचं वय सारखं असूनही उच्चार वेगळे. माझ्या मते निर्णायक कालखंडाच्या जुन्या रूपाला सर्वात मोठा धक्का याच छोट्या तुलनेनं दिला.

आमच्या ळसाठी मात्र मला १९९२ चा जॅक चेंबर्सचा अभ्यास जवळचा वाटतो. कॅनडातून दक्षिण इंग्लंडला आलेल्या दोन कुटुंबांतली सहा मुलं, म्हणजे आवाका लहान. त्याचा निष्कर्ष असा: सात वर्षांच्या आतलं मूल नवी बोली जवळपास हमखास पूर्ण उचलतं, चौदाच्या पुढचं हमखास नाही, मधल्यांचं सांगता येत नाही. त्याहून मोलाचं म्हणजे त्यानं नियमांतला फरक दाखवला. सोपे नियम लवकर पकडले जातात, गुंतागुंतीचे मागे राहतात. खाट या अर्थाचा आणि पकडलं या अर्थाचा, असे इंग्रजीतले दोन 'कॉट' कॅनडात एकसारखे ऐकू येतात. दक्षिण इंग्लंडात त्यांचे स्वर वेगळे. एकत्र झालेला स्वर वेगळा करायचा तर कुठल्या शब्दात कुठला, हे शब्दागणिक शिकावं लागतं.

काकांचं नेमकं हेच झालं. जीभ मागे वळवून ळ काढणं त्यांना महिन्याभरात जमलं, तो अवघड नव्हताच. अवघड होतं कुठला य खरा आणि कुठला ळचा हे ओळखणं. 'डोया'चा डोळा करायचा, पण पाय आणि गाय तशीच ठेवायची. 'काया' म्हणजे अहिराणीत काळा, मराठीत शरीर. पहिल्याच वर्षी एका कार्यक्रमात ते "आजीनं मला माळेनं वाढवलं" म्हणाले आणि सभागृह हसलं. सहा वर्षांच्या मुलीला ही यादी पाठ करावी लागत नाही, कारण तिचे निम्मे शब्द अजून यायचेच असतात आणि ते ळसकटच येतात. ण-नचंही तसंच. सोळाव्या वर्षी ओळखीचा शब्दसंग्रह भरलेला असतो, तो एकेक करून दुरुस्त करावा लागतो. थकल्यावर जुनं रूप वर येतं ते याचमुळे, असा माझा अंदाज आहे.

'जमलं' म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. स्वीडनमध्ये आब्राहमसन आणि हिल्टेनस्टाम यांनी २००९ मध्ये स्पॅनिश मातृभाषेचे १९५ जण जमवले, स्वतःला स्वीडिशमध्ये अस्सल समजणारे. लहानपणी शिकलेले बहुतेक जण ऐकणाऱ्यांना अस्सल वाटले, वयात आल्यावर शिकलेल्यांपैकी फारच थोडे. मग त्यातल्या निवडकांच्या कडक चाचण्या घेतल्या, गोंगाटात शब्द ओळखण्यासारख्या. सगळीकडे अस्सल ठरणारे लहानपणी शिकलेल्यांतही मोजकेच निघाले.

आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "माझं काय, मी पुण्याचीच." तेवढ्यात गावाहून फोन आला आणि ती पलीकडच्या बहिणीला म्हणाली, "डोया दुखी ऱ्हायना वं, मंग बोलसू."