साखळी ळ आणि ण वर का अडते: अंत्याक्षरी याद्यांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले 25 तालुके घ्या आणि मात्रा सोडून शेवटच्या अक्षराप्रमाणे त्यांचे ढीग करा. र वर रावेर, जामनेर, अमळनेर, पाचोरा, साक्री, शिरपूर असे नऊ येतात. व वर पाच, ड वर तीन (बोदवड, चोपडा, शिंदखेडा), ळ वर तीन (भुसावळ, पारोळा, धुळे), द आणि ल वर दोन-दोन आणि ण वर एकटी अक्राणी. आता साखळी लावायला बसा, म्हणजे एका नावाच्या शेवटच्या अक्षराने पुढचे नाव सुरू करा. अमळनेर, रावेर, आणि खेळ संपला! व, ड, ळ, द, ल, ण यांनी सुरू होणारा तालुकाच इथे नाही आणि र चा एकुलता एक रावेर पुन्हा र वरच येऊन थांबतो. म्हणून नुसती शेवटच्या अक्षरांची यादी कामाची नसते. शेजारी आरंभाच्या अक्षरांची मोजणी लागतेच.

असे ढीग करण्याची रीत जुनी आहे. अमरकोशाच्या नानार्थवर्गात शब्द कान्त, खान्त अशा क्रमाने, म्हणजे अंत्य व्यंजनावरून लावलेले आहेत. मेदिनीकोशाचीही रचना तशीच. खेळाचे नावही जुनेच: कामसूत्रातल्या 64 कलांमध्ये ‘प्रतिमाला’ आहे, आणि तिलाच अंत्याक्षरिका म्हणतात असे टीकाकार यशोधर सांगतो. तिथे श्लोकाला श्लोक जोडायचा असे. आपल्याकडे भेंड्यांमध्ये गाण्याला गाणे जोडतात, शब्दसाखळीत शब्दाला शब्द.

तालुक्यांऐवजी सगळी मराठी घेतली, तर बाकीची अक्षरे सुटतात. व ला वरण, द ला दादर, ल ला लोणी मिळते. ळ आणि ण मात्र अडूनच राहतात. भरीत, ताक, कळणा, आणि पुढे ण. कळण्याच्या भाकरीवर डाव बसतो तो असा. केळ, मूळ, बाभूळ, शाळा हे ळ चे, तर पाणी, लोणी, बहीण, चटणी हे ण चे. शिवाय करणे, बसणे, उठणे अशी क्रियापदांची सगळी मूळ रूपे ण वरच संपतात, त्यामुळे हा ढीग हवा तेवढा वाढतो.

कारण उच्चाराच्या इतिहासात आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ झाला आणि तसाच न चा ण: फल – फळ, काल – काळ, पानीय – पाणी, भगिनी – बहीण. जिथे प्राकृतात जोडाक्षर होते तिथे साधे ल, न उरले: बिल्व – बेल, पर्ण – पान, कर्ण – कान. शब्दाच्या आरंभी मागे स्वर नसतो, म्हणून तिथे ल आणि न टिकले. गंमत अशी की महाराष्ट्री प्राकृतात शब्दारंभीचा नसुद्धा ण लिहीत, म्हणजे त्या भाषेत हा खेळ ण वर अडला नसता. त्याची आठवण जैनांच्या ‘णमो अरिहंताणं’ या णमोकार मंत्रात आहे. म्हणून एखादे पोर ‘णमोकार’ म्हणून डाव काढते. तो शब्द चालणार की नाही हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवावे, नाहीतर हमखास भांडण.

वाट काढायची तर ण ला न धरावा. अहिराणीत पाण्याला ‘पानी’च म्हणतात, त्यामुळे खान्देशात हे कानाला खटकत नाही, आणि न चे शब्दही भरपूर: नदी, नांगर, निंदणी. ळ चे तसे नाही. अहिराणीत काळा ‘काया’ होतो, डोळा ‘डोया’ होतो, म्हणून ळ ला य धरायचा मोह होतो. पण य ने सुरू होणारे घरगुती शब्द मराठीत थोडेच. कारण प्राकृतात आरंभीचा य बहुधा ज झाला: यन्त्र – जाते, यव – जव. मग यश, यात्रा, यज्ञ, योग असे तत्सम आठवत बसावे लागते आणि चार-सहा फेऱ्यांत य आटतो. ळ ला ल च धरावा: लाकूड, लसूण, लाट.

मात्रेसकट अक्षर घ्यायचा कडक नियम असेल तर यादी कोणत्या काळातली आहे तेही पाहावे लागते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचा इ-कार दीर्घ केला. आधीचा ‘कवि’ वि च्या ढिगात होता आणि पुढे विहीर, विळा, विचार, विटी असा लांबच लांब रस्ता. आताचा ‘कवी’ वी वर येतो; वीट, वीज, वीस, वीणा झाले की डोके खाजवावे लागते. जुन्या कोशावरून केलेल्या यादीत दोन्ही रूपे मिसळलेली असतात. ‘आणि’ हा अपवाद, तो ऱ्हस्वच लिहितात. पण कडक नियमात त्याच्यापुढे ‘णि’ लागते, म्हणजे तो शब्द यादीत ठेवला काय आणि काढला काय, सारखेच.