कॉटन ६० टक्के म्हणजे नक्की कशाचे ६० टक्के?

कपड्याचा एक धागा ओढून काढायचा, त्याला काडी लावायची, कागद जळल्यासारखा वास आला तर प्युअर कॉटन आणि काळा टणक गोळा झाला तर पॉलिस्टर, असे व्हिडिओ सध्या खूप फिरतायत आणि लोक ते बघून दुकानदाराशी भांडायलाही जातात. निव्वळ सुती आणि निव्वळ पॉलिस्टर यांतला फरक या टेस्टने कळतो हे मान्य. पण व्हिस्कोस म्हणजे रेयॉनही अगदी कागदासारखाच जळतो, कारण तोसुद्धा कॉटनसारखा सेल्युलोजच आहे. मिक्स कापडाचं तर आणखी अवघड, तिथे जळणाऱ्या कॉटनचा सांगाडा वितळलेलं पॉलिस्टर धरून ठेवतो, त्यामुळे ते थेंब होऊन गळतच नाही. आणि पॉलिस्टर १५ टक्के आहे की ४० टक्के हे ज्वाळा बघून कुणीच सांगू शकत नाही. मग लेबलवरचा आकडा खरा की खोटा हे लॅबमध्ये कसं ठरवतात? मला हा प्रकार फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा कापडात कोणकोणते तंतू आहेत हे मायक्रोस्कोपखाली बघतात. कॉटनचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, व्हिस्कोसवर लांबीच्या दिशेने रेघा असतात, पॉलिस्टर बहुतेक वेळा गुळगुळीत कांडीसारखं. ही पायरी गाळून चालत नाही, कारण पुढचं सगळं केमिकल कोणतं वापरायचं त्यावर आहे आणि ते केमिकल यावरून ठरतं.

आता समजा लेबलवर ६०% कॉटन, ४०% पॉलिस्टर लिहिलंय. आधी कापडावरचं तेल, मेण, खळ वगैरे काढून टाकतात, नाहीतर त्याचंही वजन तंतूत मोजलं जाईल. मग साधारण १ ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर पूर्ण कोरडा करून वजन घेतात आणि तो ७५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकून ५० अंशांवर तासभर ठेवतात, मधूनमधून हलवत. कॉटन म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, त्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ॲसिड त्यांच्यात शिरतं, त्यांना फुगवून सुटं करतं आणि मग साखळीच्या कड्याच तोडायला लागतं, तुकडे इतके लहान होतात की कॉटन चक्क विरघळून जातं. पॉलिस्टर मात्र या ७५ टक्क्यांना दाद देत नाही. ॲसिड याहून बरंच तीव्र घेतलं तर पॉलिस्टरही जायला लागतं आणि फार सौम्य घेतलं तर कॉटन अर्धवट उरतं, म्हणून हा आकडा इतका जपायचा. उरलेलं पॉलिस्टर गाळून, पाण्याने धुऊन, थोड्या अमोनियाने शेवटचं ॲसिड मारून, परत कोरडं करून वजन करतात. आणि त्यात कॉटन चुकून शिल्लक नाही ना हे परत मायक्रोस्कोपने बघतात, कारण राहिलं असेल तर ते फुकट पॉलिस्टरच्या खात्यात जमा होतं.

समजा १ ग्रॅमपैकी ०.४४ ग्रॅम उरलं. म्हणजे कॉटन ०.५६ ग्रॅम, ५६ टक्के. लेबलवर ६० होतं, ४ टक्के कमी. युरोपियन युनियनच्या २०११ सालच्या नियमात लेबल आणि तपासणी यांत ३ टक्क्यांचा फरक चालतो, त्याच्या वर नाही. म्हणजे लेबल खोटं?

थांबा, हिशेब अजून संपलेला नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आपण वजन केलं ते हाडासारख्या कोरड्या कापडाचं, असं कापड कुणी घालत नाही. कॉटन हवेतला ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर फारच थोडा. म्हणून कोरड्या वजनात प्रत्येक तंतूसाठी ठरवून दिलेला ओलावा मिळवतात, त्याच नियमात कॉटनसाठी ८.५ टक्के आणि पॉलिस्टरसाठी १.५ टक्के आहे. ०.५६ चे झाले ०.६०७६ आणि ०.४४ चे ०.४४६६, बेरीज १.०५४२. आता कॉटन निघतं ५७.६ टक्के. लेबलपासून फरक २.४, म्हणजे लेबल पास! कापड तेच, ॲसिड तेच, फक्त ओलावा धरला की नाही एवढ्यावर निकाल फिरला. त्यामुळे कुणी लॅब रिपोर्ट दाखवला तर टक्के कोरड्या वजनावर काढलेत की ओलावा धरून, हे आधी विचारावं. लोकरीत तर हा फरक अजून मोठा पडतो, कारण तिचा ठरवलेला ओलावा १७ टक्क्यांच्या वर जातो.

आता अस्तर. कोटाचं बाहेरचं कापड लोकरीचं आणि आतलं अस्तर ॲसिटेटचं असेल, तर दोन्ही एकत्र करून सरासरी काढलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही, तशा रचनेचं कापड त्या कोटात कुठेच नसतं. म्हणून मुख्य अस्तर वेगळं लिहायचं, असं तोच युरोपियन नियम सांगतो. ते का महत्त्वाचं, याचं उत्तर परत लॅबमध्येच मिळतं. ॲसिटेट वेगळं काढायला तिथे ॲसिटोन वापरतात, आणि बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेच असतं, बाटली सांडली की अस्तराला भोक. लोकर आणि रेशीम विरघळवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे घरातल्या क्लोरीन ब्लीचमधलाच मुख्य पदार्थ. व्हिस्कोस ओलं झालं की साधारण निम्मी ताकद गमावतं, कॉटन उलट ओलं असताना जास्त मजबूत होतं. लेबलवर फक्त बाहेरचं कापड लिहिलं आणि अस्तर गाळलं, तर हे सगळं घेणाऱ्याला कळणार कसं?

लेस, भरतकाम, काठ यांना त्याच नियमात थोडी सूट आहे. निव्वळ सजावटीचे, वेगळे काढता येण्यासारखे तंतू एकूण वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत असतील तर ते धरले नाहीत तरी चालतं. मला ही सूट पूर्ण पटत नाही, वजन कमी असलं तरी इस्त्री त्या लेसवरूनही फिरते आणि कॉटनच्या सेटिंगवर नायलॉनची लेस आखडून जाते.

आणि ते ‘बांबू फॅब्रिक’. मऊसूत, नैसर्गिक, जंतू मारणारं असं काय काय लिहून विकतात. बहुतेक वेळा बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढून, विरघळवून, परत तंतू ओढलेला असतो, म्हणजे सरळ व्हिस्कोस. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा लेबलांवर कारवाया केल्या, जंतू मारण्याच्या दाव्यासकट. बांबूत जे काही असेल ते एवढ्या प्रक्रियेतून कपड्यात उतरतं याला आधार नाही. पण इथे लॅबचीही मर्यादा आहे, तंतू बघून तो व्हिस्कोस आहे हे छातीठोक सांगता येतं, मात्र लगदा बांबूचा होता की दुसऱ्या कुठल्या झाडाचा हे या ॲसिडच्या किंवा मायक्रोस्कोपच्या टेस्टने कळत नाही, त्यासाठी लगदा कुठून आला याची कागदपत्रंच मागावी लागतात.