एचयूएफ : पळवाट कशी बुजली आणि काय उरलं

मार्च जवळ आला की मुंबईतल्या सीएंकडे एक प्रश्न हमखास येतो: ‘एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, काढू का?’ पॅन काढणं सोपं आहे. अवघड आहे ते त्या पॅनखाली दाखवायला कुटुंबाचं स्वतःचं उत्पन्न असणं.

हिंदू अविभक्त कुटुंबाला 1922च्या आयकर कायद्यातच वेगळा करदाता मानलं होतं. 1961च्या कायद्याने ते तसंच ठेवलं. मग लोकांनी सोपी युक्ती काढली. स्वकष्टाची मालमत्ता ‘आता ही कुटुंबाची’ असं जाहीर करायचं आणि तिचं उत्पन्न कमी दराच्या खात्यात वळवायचं. सत्तरच्या दशकात वरचा दर अधिभारासह 97.75 टक्क्यांपर्यंत गेला होता, तेव्हा हा मोह समजण्यासारखाच. पण 31 डिसेंबर 1969 नंतर अशी टाकलेली मालमत्ता असेल, तर तिचं उत्पन्न कलम 64(2)ने परत देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जाऊ लागलं. म्हणून आज पगारातले पाच लाख एचयूएफच्या खात्यात टाकून मुदत ठेव केली, तर तिचं व्याज तुमच्याच विवरणपत्रात येतं.

दुसरी वाट 1986 मध्ये अरुंद झाली. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर 1956च्या वारसा कायद्याच्या कलम 8 खाली मुलाला मिळालेला त्यांचा स्वकष्टार्जित वाटा त्याचा वैयक्तिक ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात सांगितलं. ‘बाबांचा फ्लॅट म्हणजे वडिलोपार्जित’ हा समज आपल्याकडे अजून गेलेला नाही.

उरलेली स्वच्छ वाट मृत्युपत्राची. समजा, दादरचा फ्लॅट वडिलांनी ‘माझ्या मुलाच्या हिंदू अविभक्त कुटुंबाला’ असं स्पष्ट लिहून दिला. भाडं महिना 50,000, म्हणजे वर्षाला सहा लाख. 30 टक्के वजावटीनंतर 4.2 लाख (मालमत्ता कर सोडून देऊ). मुलाचं करपात्र उत्पन्न 26 लाख असेल, तर 2025-26च्या नव्या करप्रणालीत हे भाडं त्याच्या नावावर आल्यास उपकरासह 1,31,040 रुपये कर. तेच एचयूएफकडे आलं, तर चार लाखांवरच्या 20,000वर पाच टक्के, उपकर धरून फक्त 1,040.

आता मुलाचं उत्पन्न सात लाख धरा. भाड्यासकट 11.2 लाख होतात आणि कलम 87अच्या सवलतीमुळे त्याचा कर शून्य. ही सवलत एचयूएफला नाही, म्हणून तिथे ते 1,040 भरावेच लागतात, वर सीएची फी. इथे एचयूएफ तोट्याचीच.

वडिलांनी हयातीत बक्षीस दिलं तर? ते मुलाच्या एचयूएफचे सदस्य नसतील, तर 50,000वरचं बक्षीस कुटुंबाच्या हाती करपात्र होतं; मृत्युपत्राने आलेलं मात्र करमुक्त.

शिवाय एकदा आत गेलेला फ्लॅट एकट्या कर्त्याचा राहत नाही. 2005च्या दुरुस्तीपासून मुलीही जन्माने सहदायाद, म्हणजे मालमत्तेच्या वाटेकरी, आहेत, आणि 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी आयकर खातं मानत नाही. बाहेर पडायचं, तर वाटणी संपूर्णच करावी लागते.