क्रियापदाआधी तुटलेली ओळ

भौतिकशास्त्राच्या तासाचं रेकॉर्डिंग आहे असं समजा. शिक्षक तारेचा रोध शिकवताहेत आणि म्हणतात, "तारेची लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट होतो, पण जाडी वाढवली तर रोध वाढत नाही, तो कमी होतो." आवाज ऐकून मजकूर लिहिणाऱ्या व्हिस्परने यातला एकही शब्द चुकवला नाही, फक्त विरामचिन्हं गाळली. ओळीची कमाल लांबी ४२ चिन्हं आणि दोन ओळी, या नेहमीच्या मापात सबटायटल बसवायला सांगितलं, की पडद्यावर हे येतं:

```
तारेची लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट
होतो पण जाडी वाढवली तर रोध वाढत नाही तो
```

आणि यानंतरच्या सबटायटलमध्ये एकटंच "कमी होतो". शब्द सगळे बरोबर असूनही विद्यार्थ्याला वाक्य मनातल्या मनात पुन्हा जुळवावं लागतं. व्हिस्परवर लिहिणारे बहुतेक जण शब्द किती चुकले तेच मोजतात. व्याख्यान वाचता येतं की नाही, हे मात्र बऱ्याचदा त्यानंतरच्या कामावर ठरतं.

व्हिस्पर हे ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं मॉडेल. इंटरनेटवरच्या ६,८०,००० तासांच्या आवाजावर आणि त्यासोबतच्या मजकुरावर ते शिकलं. ते आवाज ३० सेकंदांच्या खिडक्यांमध्ये ऐकतं आणि मजकूर लिहिता लिहिता मध्ये वेळेच्या खुणाही टाकतं. म्हणजे वेळ ते घड्याळ लावून मोजत नाही, शब्दांसारखीच अंदाजाने लिहितं. खूण ०.०२ सेकंदाइतकी बारीक असू शकते, पण प्रत्यक्षात ती बऱ्याचदा पूर्ण सेकंदावर जाऊन बसते. वेळांच्या शेवटी ओळीने `,000` दिसू लागलं, तर त्या वेळा खऱ्या नाहीत असं समजायला हरकत नाही.

देवनागरीत याच खिडकीचा आणखी एक त्रास आहे. मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत लिहितं आणि एका खिडकीसाठी त्याला जास्तीत जास्त २२४ तुकडे मिळतात. इंग्रजीत तेवढे सहज पुरतात, कारण नेहमीचा अख्खा शब्द एका तुकड्यात मावतो. मराठी शब्द मात्र अक्षर, काना, मात्रा असा फुटतो. शिक्षक न थांबता भराभर बोलत असतील, तर तुकडे संपतात, वाक्य अर्धवट तुटतं आणि मधे वेळेची खूण पडली नसेल तर मॉडेल सरळ पुढच्या खिडकीत उडी मारतं. ३० सेकंद लांबीचं सबटायटल आणि त्याच्या शेवटी अर्धा शब्द, ही याची हमखास खूण. आवाज आधीच विरामांपाशी कापून दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे केले, तर हे टळतं. नंतर प्रत्येक तुकड्याची सुरुवातीची वेळ त्यातल्या खुणांमध्ये मिळवायला मात्र विसरायचं नाही.

सबटायटलची मांडणी व्हिस्परवर सोडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याकडून फक्त शब्द आणि प्रत्येक शब्दाची वेळ घ्यावी:

```
whisper tukda.wav --model large-v3 --language mr \
  --word_timestamps True \
  --condition_on_previous_text False \
  --output_format json
```

`--language mr` देणं गरजेचं आहे. नाहीतर मॉडेल सुरुवातीच्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि शिक्षकांनी "गुड मॉर्निंग, लास्ट लेक्चरमध्ये आपण..." अशी सुरुवात केली की घोटाळा होतो. `condition_on_previous_text` बंद केलं की एकदा अडकलेलं वाक्य पुढच्या खिडकीत पुन्हा पुन्हा येण्याचा धोका कमी होतो.

आता ते ४२. हे माप रोमन लिपीसाठी ठरलेलं आहे आणि व्हिस्पर तेच युनिकोडच्या चिन्हांवर लावतं. पायथॉनला विचारा:

```python
len("विद्यार्थ्यांनी")   # 15
```

आपल्या डोळ्याला यात वि, द्या, र्थ्यां, नी अशी चारच अक्षरं दिसतात. वरच्या सबटायटलची पहिली ओळ यंत्राच्या लेखी ३८ चिन्हांची आहे. "होतो" घेतला तर जागा धरून ४३ होतात, म्हणून तो खाली ढकलला गेला. वाचणाऱ्याला त्या ओळीत १७ अक्षरंच दिसतात, म्हणजे "होतो" पडद्यावर आरामात मावला असता. त्यामुळे मोजताना मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सोडून द्यावेत, हलन्तानंतरचं व्यंजनही वेगळं धरू नये. अशा मोजणीत एका ओळीत १८-२० अक्षरं ठीक वाटतात.

पण नुसतं माप बदलून भागत नाही. मराठी वाक्याचा निकाल शेवटच्या क्रियापदात असतो, आणि नकारही तिथेच. "रोध वाढत" इथे सबटायटल संपलं आणि "नाही" पुढच्यात गेलं, तर मधले एक-दोन सेकंद विद्यार्थी नेमकं उलटं वाचत बसतो. म्हणून "नाही", "नये", "आहे", "येतं", "लागतं" यांना आधीच्या शब्दापासून तोडायचं नाही. ओळ "पण", "कारण", "म्हणून", "तर" यांच्या आधी तोडायची, "की" मात्र वरच्याच ओळीत ठेवायचा. आधी वाक्य क्रियापदापाशी सबटायटलांत वाटायचं, मग प्रत्येकाच्या आत दोन ओळी पाडायच्या. हा क्रम उलटा झाला की पहिल्यासारखीच गत होते.

राहिली वेळ. आपलं वाक्य बोलून शिक्षक फळ्याकडे वळले आणि आठ-नऊ सेकंद आकृती काढत राहिले. व्हिस्परच्या मूळ खुणा ६:१२.०० ते ६:२९.०० होत्या, म्हणजे शांततेतही वाक्य पडद्यावर लटकलेलं. शब्दवार वेळा पाहिल्या तर बोलणं ६:१२.८४ ला सुरू होतं, पहिला "होतो" १६.१० ला संपतो, "पण" १६.४२ ला येतो आणि शेवटचा "होतो" २०.३६ ला. दोन सबटायटलांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी फट असेल, तर ती लुकलुकल्यासारखी दिसते. म्हणून पहिलं सबटायटल पुढच्याच्या ०.०८ सेकंद आधीपर्यंत, म्हणजे २५ चित्रांच्या गतीत दोन चित्रं आधीपर्यंत ताणायचं. शेवटच्याला बोलणं संपल्यावर थोडी सवलत द्यायची:

```
41
00:06:12,840 --> 00:06:16,340
तारेची लांबी दुप्पट केली
तर रोध दुप्पट होतो,

42
00:06:16,420 --> 00:06:20,800
पण जाडी वाढवली
तर रोध वाढत नाही, तो कमी होतो.
```

दर सेकंदाला पाच-साडेपाच अक्षरं पडली, वाचायला निवांत. हा वेग आठ-नऊच्या वर गेला, तर फळ्यावरचं पाहायला डोळ्याला सवड उरत नाही.

शब्दवार वेळाही पूर्ण भरवशाच्या नाहीत. लिहिताना मॉडेलचं लक्ष आवाजाच्या कोणत्या भागावर होतं, यावरून त्या काढलेल्या असतात. लांब शांततेनंतरचा पहिला शब्द पुष्कळदा मागच्या शांततेत ताणला जातो. एकट्या "तर"ला दीड सेकंद मिळालेला दिसला, की तिथला आवाजाचा आलेख सबटायटल एडिटसारख्या प्रोग्राममध्ये उघडून सुरुवात हाताने सरकवावी. त्याच शांततांमध्ये कोणीही न बोललेलं "धन्यवाद" किंवा "थँक्स फॉर वॉचिंग"ही उगवतं, कारण मॉडेल ज्या व्हिडिओंच्या मजकुरावर शिकलं त्यांचे शेवट तसे असतात. असलं वाक्य तासाच्या मध्यावर सापडलं तर थेट खोडावं. तासाच्या शेवटी आलं, तर एकदा ऐकून पाहावं, शिक्षक खरंच धन्यवाद म्हणालेले असू शकतात.