माणूस गेला तरी कस्टमर आणि टीम सोबत जाऊ नये म्हणून: नॉन-सॉलिसिट आणि नॉन-कम्पीट यातला फरक

(आमच्याकडे अपॉइंटमेंट लेटर आणि करार करून घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी)

बहुतेक जण आल्या आल्या हेच सांगतात, की लेटरमध्ये असं टाका की हा सोडून गेला तर दोन वर्षं याच लाइनमध्ये कुठे काम करता येणार नाही. टाकायला काय, टाकून देऊ, पण नंतर कोर्टात त्याचा उपयोग होत नाही हे आधीच सांगितलेलं बरं. याला म्हणतात नॉन-कम्पीट. आपला कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चा आहे आणि त्यातलं कलम २७ सरळ म्हणतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंद्याची गुडविल विकली तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येतं, हा त्या कलमातला अपवाद, पण पगारी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

नोकरी चालू असतानाचं बंधन मात्र चालतं. सेंच्युरी स्पिनिंगच्या १९६७ च्या केसमध्ये कल्याणच्या प्लँटमधला माणूस पाच वर्षांचा करार मधेच सोडून दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला होता, तर सुप्रीम कोर्टाने त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखणं मान्य केलं. पण मुदत संपल्यावर काय, तर २००६ मध्ये परसेप्ट डी-मार्क विरुद्ध झहीर खान (हो, आपला श्रीरामपूरचा बोलर तोच) या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की करार संपल्यानंतर लागू होणारं असं बंधन कलम २७ खाली रद्द, मग ते वाजवी असो वा नसो. तेव्हा "दोन वर्षं नको, सहा महिने तरी टाका" म्हणून फारसं काही साधत नाही.

आता नॉन-सॉलिसिट. यात त्याला काम करायला कुणी अडवत नाही, समोरच्या गाळ्यात तुमच्या स्पर्धकाकडे बसला तरी बसू दे, फक्त त्याने तुमच्या कस्टमरला स्वतःहून गाठून "आता काम आम्हाला द्या" म्हणायचं नाही, आणि तुमच्या माणसांना "चल, तू पण ये" म्हणून फोडायचं नाही. दोन्हीतला फरक दिल्ली हायकोर्टाच्या २००९ च्या डेसिकंट रोटर्स केसमध्ये छान दिसतो. मार्केटिंगचा मॅनेजर सोडून स्पर्धक कंपनीत गेला, लेटरमध्ये दोन्ही कलमं होती. कोर्टाने त्याला नव्या नोकरीपासून रोखायला नकार दिला, पण जुन्या कंपनीच्या कस्टमर आणि सप्लायरकडे जाऊन धंदा मागू नको ही मनाई ठेवली. माणूस तोच आणि लेटरही तेच, तरी एक कलम पडलं आणि एक उभं राहिलं.

म्हणून आमचं मत विचाराल तर नॉन-कम्पीट सोडा आणि नॉन-सॉलिसिट नीट लिहून घ्या. पण तेही सगळीकडे चालतंच असं समजू नका, खरी अडचण पुढे आहे.

समजा तुमची एसी मेंटेनन्सची फर्म आहे, भोसरी-चाकण बाजूला कारखान्यांची वर्षाची एएमसी कामं. सर्व्हिस मॅनेजर राजीनामा देऊन दुसऱ्या एएमसीवाल्याकडे गेला. महिनाभरात तुमचे तीन कस्टमर तिकडे गेले. पहिल्याच्या पर्चेसवाल्याला मॅनेजरने स्वतः व्हॉट्सअ‍ॅप केला, "तुमची एएमसी मार्चला संपतेय, मी आता इकडे आहे, आधीच्या रेटपेक्षा दहा टक्के कमी देतो" आणि खाली कोटेशन. हे सॉलिसिटेशनच, आणि रेट आणि संपायची तारीख तुमच्या फायलीतली, म्हणजे गुप्त माहिती वापरल्याचा मुद्दाही वेगळा निघतो. दुसऱ्या कस्टमरला मॅनेजरचं काम आवडायचं, त्याने स्वतःच नंबर शोधून फोन केला. इथे तुमचं काही चालणार नाही. तिसऱ्याने फक्त टेंडर काढलं होतं आणि नव्या फर्मने भरलं, तिथेही अवघडच.

मद्रास हायकोर्टाने २०१३ च्या एफ.एल. स्मिथ केसमध्ये हेच सांगितलंय, की कस्टमरने तिकडे ऑर्डर दिली एवढ्यावरून सॉलिसिटेशन सिद्ध होत नाही, ज्याच्यावर बंधन आहे त्याने जाऊन गाठलं आणि त्यामुळेच ऑर्डर गेली हे दाखवावं लागतं. कस्टमर काही तुमच्या मालकीचा नाही, त्याला वाटेल तिकडे तो जाणार. तेव्हा तीनही कस्टमरचा राग एका नोटिशीत काढू नका, पहिल्याचा मुद्दा भक्कम आहे तोही बाकीच्या दोघांमुळे पातळ होतो. तो व्हॉट्सअ‍ॅप ज्याच्या फोनवर आला त्याच्याकडून मिळवा, चॅट डिलीट होऊ देऊ नका, नुसता स्क्रीनशॉट फॉरवर्ड होत होत आलेला असेल तर पुढे त्रास होतो कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, आणि तो कस्टमर सही करायला तयार होईल का हे आधी बघा. बरेचदा होत नाही, त्याला तुमच्या भांडणात पडायचं नसतं.

स्टाफ फोडण्याचं पण असंच. यात विप्रो विरुद्ध बेकमन कुल्टर ही २००६ ची दिल्ली हायकोर्टाची केस बघण्यासारखी आहे. विप्रो बरीच वर्षं बेकमनची मशिनं विकून सर्व्हिस द्यायची, करार संपवताना बेकमनने पेपरात भरतीची जाहिरात दिली. कराराप्रमाणे दोघांनी एकमेकांची माणसं फोडायची नव्हती. कोर्टाने ती जाहिरात सॉलिसिटेशन धरली आणि करारातलं ते बंधन कलम २७ मध्ये अडकत नाही असं म्हटलं, पण जी माणसं आधीच गेली त्यांना परत आणता येणार नाही, त्याबद्दल भरपाई मागा, पुढे असं करू नका एवढंच. म्हणजे बंधन फोडणाऱ्यावर होतं, जाणाऱ्या टेक्निशियनवर नाही. त्यामुळे "आमच्या कुठल्याही माजी माणसाला नोकरीवर घ्यायचंच नाही" असं लिहून घेतलंत तर ते परत नॉन-कम्पीटच्या वाटेला जातं, आम्ही तसं लिहीत नाही.

मग कलमात काय असावं? मुदत साधारण सहा महिने ते वर्ष. कस्टमर म्हणजे "कंपनीचे सर्व ग्राहक" नाही, तर शेवटच्या बारा महिन्यांत ज्यांच्याशी त्याने स्वतः काम केलं तेवढेच. ज्याला कधी भेटलाच नाही त्याच्यावर बंधन टाकलं की कोर्टाला ते धंदा बंद पाडणारं वाटायला लागतं. सॉलिसिट म्हणजे काय तेही लिहा, फोन, मेसेज, मेल, भेट, दुसऱ्याकरवी निरोप. आणि हेही स्पष्ट लिहा की सगळ्यांसाठी दिलेली जाहिरात किंवा लिंक्डइनवर "नवीन ठिकाणी जॉईन झालो" एवढं टाकणं यात येत नाही. हे वाचून काही मालक नाराज होतात, आपणच का सूट द्यायची म्हणून, पण कलम जितकं अरुंद तितकं टिकतं.

दंडाची रक्कम, "तोडलं तर पाच लाख", हा अजून एक आवडता विषय. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देतं, आख्खी मिळेलच असं नाही. त्यामुळे त्या एएमसीचं वर्षाचं बिल किती होतं, त्यात मार्जिन किती सुटायचं, किती वर्षं रिन्यू होत होतं याचे कागद आकड्यापेक्षा जास्त कामाला येतात.

राजीनामा आला की त्याच आठवड्यात त्याच्याकडच्या कस्टमरांची यादी करून त्याची सही घ्या, कंपनीचा नंबर आणि सिम परत घ्या, आणि दुसरा माणूस सोबत देऊन प्रत्येक मोठ्या कस्टमरची ओळख करून द्या. नोटीस पिरियड याच्यासाठीच वापरायचा असतो, लोक तो केबिनमध्ये रुसून घालवतात.

जुनी लेटरं तपासून घ्यायची असतील तर येताना सही झालेली प्रतच आणा, कोरा फॉरमॅट नको, आणि कुणी आधीच सोडून गेला असेल तर त्याचा राजीनाम्याचा मेल आणि फुल अँड फायनलचा कागदही सोबत घ्या, कारण काही जणांनी त्यातच "आता एकमेकांवर काही दावा राहिला नाही" असं लिहून दिलेलं असतं.