लेझर संचाची रीडिंग ग्रेटिंगवर जुळत नसतील तर: β = λD/d हे सूत्र कोठपर्यंत चालते

आमच्याकडून लाल डायोड लेझरचा संच घेणाऱ्या महाविद्यालयांकडून एकच तक्रार वारंवार येते. संचातील दुहेरी स्लिटच्या काचेवर प्रयोग केला की लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटरच्या आसपास मिळते. पण त्याच लेझरपुढे 600 रेषा प्रति मिलिमीटरची ग्रेटिंग लावली की उत्तर 700 च्या वर जाते. मग लेझर सदोष आहे किंवा ग्रेटिंगवर छापलेला आकडा चुकीचा आहे असे समजून माल परत पाठवला जातो. असा परत आलेला माल तपासला की बहुतेक वेळा दोन्ही वस्तू ठीक निघतात, आणि दरम्यान प्रात्यक्षिकांचे दिवस मात्र वाया जातात. दोष गणितातील एका पायरीत असतो. ती पायरी एकदा नीट पाहिली तर ही अडचण पुन्हा येणार नाही.

दोन स्लिटच्या मध्यांतील अंतर d, स्लिटपासून पडद्यापर्यंतचे अंतर D, आणि पडद्याच्या मध्यापासून y अंतरावर बिंदू P असे धरू. पायथागोरसच्या प्रमेयाने S₁P चा वर्ग D² + (y − d/2)² येतो आणि S₂P चा वर्ग D² + (y + d/2)² येतो. पहिला दुसऱ्यातून वजा केला की 2yd उरते. येथपर्यंत कोणतीही गोष्ट अंदाजे धरलेली नाही. डाव्या बाजूचे अवयव पाडले की पथफरक असा मिळतो:

S₂P − S₁P = 2yd / (S₂P + S₁P)

यानंतरच्या ओळीत पाठ्यपुस्तके छेदातील बेरजेच्या जागी 2D लिहितात. पथफरक yd/D होतो, तो mλ इतका ठेवला की m क्रमांकाची उजळ फ्रिंज y = mλD/d येथे येते, आणि लगतच्या दोन फ्रिंजमधील अंतर β = λD/d मिळते. लहान कोनाचे गृहीतक आहे ते एवढेच, आणि ते याच एका ओळीत आहे. P मध्यापासून दूर गेला की S₁P आणि S₂P या तिरप्या लांबी D पेक्षा मोठ्या होतात. त्यांची बेरीज खरे तर 2√(D² + y²) च्या अगदी जवळ असते. ती तशीच ठेवली तर पथफरक yd/√(D² + y²) म्हणजेच d sinθ येतो. 2D लिहिले तर तो d tanθ होतो.

म्हणून आपण sinθ च्या जागी tanθ घेत असतो, हे ध्यानात ठेवावे. बरेच विद्यार्थी गृहीतक तपासताना sinθ आणि रेडियनमधील θ यांची तुलना करतात. 23 अंशांना θ सुमारे 0.40 आणि sinθ सुमारे 0.39 पाहून फरक किरकोळ आहे असे त्यांना वाटते. परंतु त्याच कोनाला tanθ 0.42 च्या वर असतो. सूत्राला झळ बसते ती sin आणि tan यांच्यातील पूर्ण फरकाची, आणि लहान कोनांसाठी हा फरक sin व θ यांच्यातील फरकाच्या सुमारे तिप्पट असतो.

आता आमच्याच संचातील दोन काचा घेऊ. दुहेरी स्लिटच्या काचेत d = 0.25 मिलिमीटर आहे. D एक मीटर ठेवल्यास फ्रिंजमधील अंतर 2.6 मिलिमीटर येते. मध्यापासून दहाव्या फ्रिंजपर्यंत मोजले तरी y केवळ 26 मिलिमीटर होतो, आणि तेथे सूत्रातील चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडी कमी असते. कोणत्याही मोजपट्टीला ती दिसणार नाही. या काचेवर β = λD/d निःशंकपणे वापरावे; येथे उत्तर चुकलेच तर गृहीतकाला दोष न देता d आणि D ची मोजमापे पाहावीत. D स्लिटच्या काचेपासून मोजायचे असते, लेझरच्या तोंडापासून नव्हे.

600 रेषांच्या ग्रेटिंगमध्ये लगतच्या रेषांतील अंतर 1.667 मायक्रोमीटर आहे, म्हणजे दुहेरी स्लिटच्या तुलनेत दीडशे पट लहान. लगतच्या प्रत्येक दोन रेषांमध्ये पथफरकाची अट तीच, d sinθ = mλ, म्हणून उजळ ठिपके त्याच नियमाने पडतात; कोन मात्र मोठा होतो. D एक मीटर असताना पहिला ठिपका मध्यापासून 42.4 सेंटिमीटरवर पडतो. λ = yd/D मध्ये हे आकडे घातले की 707 नॅनोमीटर येतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारपत्रांत नेमका याच्या जवळपासचा आकडा असतो. छेदात D ऐवजी √(D² + y²), म्हणजे 108.6 सेंटिमीटर, लिहा; उत्तर 651 नॅनोमीटर येते. लेझर तोच, मोजपट्टी तीच.

दुसऱ्या क्रमांकाच्या ठिपक्यावर हे आणखी उघड होते. तो 124.6 सेंटिमीटरवर, पहिल्याच्या दुप्पट अंतराच्या बराच पलीकडे पडतो. सोप्या सूत्राने त्यावरून तरंगलांबी 1038 नॅनोमीटर येते. ही अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी झाली, आणि ठिपका तर डोळ्यांना लख्ख लाल दिसतो आहे. ओळखण्याची खूण म्हणून हेच तपासावे: दुसरा ठिपका पहिल्याच्या दुप्पट अंतरावर नसेल आणि डावी-उजवी बाजू सारखीच असेल, तर सूत्र त्याच्या मर्यादेबाहेर वापरले गेले आहे. दोन्ही बाजूंची अंतरे वेगळी असतील तर ग्रेटिंग किंवा पडदा झोताला काटकोनात नाही. तो स्टँडचा प्रश्न आहे आणि स्क्रू सैल करून सुटतो.

y हे D च्या सातव्या भागाइतके झाले की सोप्या सूत्राची चूक एक टक्क्याला पोहोचते. एक मीटरवर ही मर्यादा साधारण 14 सेंटिमीटर होते. त्यापलीकडे वर्गमुळाचे सूत्रच वापरावे. ते जवळच्या ठिपक्यांनाही लागू पडते, त्यामुळे हिशेबात दोन पद्धती ठेवण्याची गरज उरत नाही.

संचात 600 रेषांची ग्रेटिंग का देता, असे काही शिक्षक विचारतात. ठिपके दूर पडल्यामुळे साध्या मीटरपट्टीनेही मोजमाप अचूक होते, आणि गृहीतक कोठे मोडते हे विद्यार्थ्याला स्वतःच्या रीडिंगमध्ये दिसते, म्हणून आम्ही ती मुद्दाम ठेवतो. ज्यांना सोपे सूत्रच शिकवायचे आहे त्यांच्यासाठी 100 रेषांची ग्रेटिंग आमच्याकडे वेगळी मिळते. तिचा पहिला ठिपका एक मीटरवर 6.5 सेंटिमीटरवर पडतो आणि दुसऱ्या ठिपक्यापर्यंत चूक एक टक्क्याच्या आत राहते. संच आधीच घेतलेला असेल तर तेवढी एकच काच मागवता येते.

एवढे करूनही तरंगलांबी 640 ते 660 च्या बाहेर येत असेल तर लेझर अवश्य परत पाठवावा. तो आम्ही बदलून देऊ. सोबत D, दोन्ही बाजूंचे पहिल्या ठिपक्याचे y आणि वापरलेल्या ग्रेटिंगवरील रेषांची संख्या कागदावर लिहून द्यावी, म्हणजे तपासणी त्याच दिवशी होऊ शकते.